काका ‘बावीस’ म्हणाले आणि गप्प बसले: जुन्या कपाटाचा भाव तपासायचा कसा?

कोकणात जुनं फर्निचर विकणारा माणूस बऱ्याचदा त्या फर्निचरचा मालक नसतो. मालक असतो मुंबईला किंवा ठाण्याला. घराची किल्ली शेजारच्या काकांकडे असते आणि फोनवर एक आकडा सांगून ठेवलेला असतो. तुम्ही कपाट बघता, तुमचा भाव सांगता. काका आत जाऊन फोन लावतात, बाहेर येऊन म्हणतात, “बावीस.” का बावीस, हे काकांना माहीत नसतं. मालकाला विचारलं तरी “तेवढे यायला पाहिजेत” एवढंच उत्तर मिळतं.

अशा वेळी कारण उकरून काढण्यात फारसा अर्थ नसतो. भाऊहिश्श्यात चार वाटे करायचे असतील, आजोबांची आठवण असेल, कुणी पाहुण्याने “वीसच्या खाली देऊ नकोस” म्हटलं असेल. यातल्या कुठल्याही कारणाने कपाटाचं लाकूड वाढत नाही की कमी होत नाही. एकच कारण तुमच्या कामाचं असतं, ते म्हणजे कपाटात लपवलेला दोष, आणि तो कुणी सांगत नसतं. तो आपण शोधायचा.

गप्प विक्रेत्यासमोर गिऱ्हाइकाची एक ठरलेली चूक होते. कारण मिळालं नाही की आपणच एक तयार करतो. “एवढं ठाम सांगतोय म्हणजे बर्मा सागवान असणार.” कोकणपट्टीत जुन्या घरांमधून बर्मा सागवान वापरलेलं सापडतं हे खरं. पण पॉलिशखालचं लाकूड नुसतं बघून ते बर्मा की दांडेली की इथलंच, हे छातीठोक सांगणं जाणत्या सुतारालाही जड जातं. म्हणून त्या नावाचे वेगळे पैसे मोजू नयेत. सागवान आहे की नाही, किती आहे आणि किती शाबूत आहे, एवढंच मोजायचं.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून बघू. राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या एका घरात सागवानी दोनदारी कपाट आहे. सहा फूट उंच, साडेतीन फूट रुंद, दीड फूट खोल. मागणी २८ हजार. तुम्ही १२ हजार म्हणालात, उलट भाव आला २२ हजार. तुम्हाला ते रत्नागिरीत न्यायचं आहे. गाडीरस्ता वरच्या वाडीत थांबतो, तिथून घरापर्यंत पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून जावं लागतं. हा पाखाडीचा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी सौदा त्यावरच फिरणार आहे.

आधी कपाट मोजा, मग भाव

सोबत टेप, टॉर्च, पातळ चाकू आणि जुना पेपर एवढं पुरतं.

पहिला प्रश्न, हे भरीव सागवान आहे की प्लायवर चिकटवलेला सागाचा पापुद्रा? दार उघडून फळीची कड बघा. भरीव लाकडात वरची रेघ कडेवरून वळून पुढे जाते. पापुद्रा असेल तर कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली दिसते, किंवा प्लायचे थर उघडे पडलेले असतात. दुसरी खूण वजनाची. सुकलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं. या मापाच्या कपाटात साडेपाच घनफुटांच्या आसपास लाकूड बसतं (हिशोब पुढे आहे), म्हणजे रिकाम्या कपाटाचं वजन शंभर किलोच्या घरात हवं. एका बाजूने तळाला हात घालून उचलून बघा. एका हाताने सहज उठलं, तर आत सागवान सोडून दुसरंच काहीतरी आहे.

मग कीड. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. वाळवी जमिनीतून किंवा भिंतीतून येते आणि मातीच्या नळ्या करते. त्या कपाटाच्या मागच्या बाजूला आणि पायांच्या तळाशी शोधा. कोकणातली जुनी कपाटं वर्षानुवर्षं चिऱ्याच्या दमट भिंतीला टेकून उभी असतात, त्यामुळे पाठीचा प्लाय सगळ्यात आधी जातो. चाकूचं टोक प्लायमध्ये लोण्यासारखं शिरलं तर तो मेलेला समजायचा. दुसरी कीड पोखरणाऱ्या भुंग्याची. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा, ही तिची खूण. सागाच्या गाभ्याचं लाकूड या किडीला सहसा दाद देत नाही, पण सालीजवळचं फिकट लाकूड ती आवडीने खाते. म्हणून भोकं दिसली की आधी ती फिकट पट्ट्यात आहेत की तपकिरी गाभ्यात, ते बघा. भोकं काळवंडलेली असतील आणि भुसा नसेल, तर कीड बहुधा जुनी, मेलेली. कीड चालू आहे का याची खात्री करायची असेल तर भुसा झटकून खाली पेपर पसरा आणि काकांना आठवड्याने बघायला सांगा. पेपरवर पुन्हा पीठ पडलं असेल तर कीड जिवंत आहे.

दार अडकत असेल तर लगेच पैसे कापायला निघू नका. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. गणपतीच्या दिवसांत कपाट बघायला गेलात आणि दोन दारं मधल्या कडेला वरपासून खालपर्यंत सारखी घासत असतील, तर ती ओल आहे. दिवाळीनंतर दारं आपोआप सुटतील. आत्ता रंधा मारलात तर मे महिन्यात मध्ये फट दिसेल. दार फक्त खालच्या कोपऱ्यात घासत असेल तर मात्र बिजागरी सैल झाली आहे किंवा चौकट तिरकी झाली आहे. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. फरक दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर सोडून द्या. सेंटिमीटरच्या पुढे गेला तर सांधे हललेत, आणि ते काम बिजागरीसारखं तासाभरात होत नाही. खाऱ्या हवेने लोखंडी स्क्रू आतल्या आत गंजून तुटतात, म्हणून प्रत्येक बिजागरी हाताने हलवून बघायची.

आपल्या उदाहरणातल्या कपाटात हे सापडलं असं धरू: पाठीचा प्लाय वाळवीने खाल्लेला, तळाच्या फळीची फिकट कड भुंग्याने पोखरलेली, एक पाय ओलीने कुजलेला. बाकी सांधे घट्ट, दारं सरळ.

लाकूड किती, किंमत किती

वखारीत सागवान घनफुटावर विकतात. हिशोब सोपा आहे: लांबी फुटांत, रुंदी इंचांत, जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचा.

दोन बाजू: ६ × १८ × पाऊण, भागिले १४४. एका बाजूला ०.५६, दोन्ही मिळून सव्वा घनफुटाला थोडं कमी. पुढची दारं आणि चौकट एक इंच जाडीची धरली तर ६ × ४२ × १, म्हणजे पावणेदोन. वरची फळी, तळाची फळी आणि चार कप्पे मिळून सहा फळ्या, प्रत्येकी ०.३३, म्हणजे दोनच्या आसपास. पाय आणि वरची नक्षीपट्टी पाऊण घनफूट. बेरीज साडेपाचच्या किंचित वर जाते, आपण साडेपाच धरू.

पुढचे दर फक्त हिशोब कळावा म्हणून घेतले आहेत. तुम्ही तुमच्या जवळच्या वखारीत आणि सुताराकडे विचारून त्या जागी खरे आकडे घालायचे. हे दोन फोन न करता सौद्याला बसू नये.

चिरलेलं चांगलं सागवान घनफुटाला ४,००० धरलं तर साडेपाचाचे २२,०००. रंध्यात आणि काटछाटीत पाचवा हिस्सा जातो, त्याचे ४,४००. सुताराचे नऊ दिवस १,२०० प्रमाणे १०,८००. पाठीला २१ चौरस फूट प्लाय, १,७००. पॉलिश, बिजागऱ्या, कडी-कुलूप मिळून ५,५००. असं कपाट आज नवं करून घ्यायला ४४,४०० रुपये लागतील.

आता जुन्याची किंमत. इथे बहुतेक लोक “जुनं म्हणजे निम्मं” असा एकच घाव घालतात आणि तिथेच फसतात. प्लायच्या किंवा एमडीएफच्या कपाटाला निम्मं हेसुद्धा खूप होतं, कारण ओल लागलेला एमडीएफ फुगतो आणि पुन्हा बसत नाही, त्याच्या फळ्यांना मोड म्हणूनही काही येत नाही. भरीव सागवानात मात्र प्रत्येक भाग वेगळ्या वेगाने जुना होतो. लाकूड टिकतं, जुनं, पक्कं सुकलेलं, म्हणून काहींना ते नव्यापेक्षाही बरं वाटतं. पण लांबी-रुंदी तुमच्या मनासारखी नाही, खिळ्यांची भोकं आहेत, म्हणून पाव हिस्सा कापा: २२,००० चे १६,५००. मजुरी निम्मी धरा, कारण सुताराने घडवलेली वस्तू तयार मिळते, पण दुसऱ्याच्या गरजेने घडवलेली: ५,४००. काटछाट, प्लाय, पॉलिश, कड्या शून्य. बेरीज २१,९००.

म्हणजे काकांचे ‘बावीस’ हवेतून आलेले नाहीत! धडधाकट कपाट रत्नागिरीत रस्त्याकडेच्या घरात उभं असतं, तर २२ हजार हा रास्तच भाव म्हणता आला असता. मालकाने हाच हिशोब केला असेल किंवा शहरात कुणाचं असं कपाट गेलेलं ऐकलं असेल, आपल्याला कळायचा मार्ग नाही. पण समोरचं कपाट धडधाकट नाही आणि ते रस्त्याकडेलाही नाही. तुमची बोलणी या दोन फरकांवर चालायला हवीत, कपाट चांगलं की वाईट यावर नाही.

वजाबाकी एकदाच

पाठीचा प्लाय गेला आहे, म्हणून त्याचे पैसे कापावेत का? नाही. त्याची किंमत आपण आधीच शून्य धरली आहे. पॉलिशचंही तेच. “पॉलिश उडालंय, पाच हजार कमी करा” हे गिऱ्हाइकाचं आवडतं वाक्य आहे, पण ज्याला आपण एक रुपयाही लावला नाही त्याचे पुन्हा पाच हजार कापणं म्हणजे एकच घट दोनदा मोजणं. समोरच्याला गणित येत नसेल तर ते खपूनही जाईल. पण मग तुम्ही रास्त भाव काढत नाही आहात, हे निदान स्वतःला माहीत असावं.

कापायचं ते तळाच्या फळीचं आणि पायाचं, कारण ते लाकूड आपण शाबूत म्हणून मोजलं होतं. नवी फळी १,३००, सुताराचा अर्धा दिवस ६००, किरकोळ सामान. मिळून २,००० धरा.

आता वाहतूक. राजापूरहून रत्नागिरीला छोटा हत्ती ३,००० ला आणि पाखाडी चढवायला चार हमाल ६०० प्रमाणे २,४०० ला धरले, तर ५,४०० होतात. हे सगळे विक्रेत्याकडून कापून मागायचे का? तेही नाही. रत्नागिरीतलं कपाट घेतलं असतं तरी टेम्पोला १,५०० गेलेच असते. म्हणून जादा पडलेले ३,९०० तेवढे कापा.

२१,९०० मधून २,००० आणि ३,९०० गेले, उरले १६,०००. हा कपाटाचा जागेवरचा भाव.

पण हा आकडा देवाने लिहून दिलेला नाही. वखारीचा दर ३,५०० निघाला तर हाच भाव १४ हजारांवर येतो आणि ४,५०० निघाला तर १८ वर जातो. म्हणून मनात एक आकडा न ठेवता १४ ते १८ असा पट्टा ठेवायचा. उलट भाव पट्ट्यात पडला तर तो रास्त, मग कारण सांगो वा न सांगो. पट्ट्याबाहेर पडला तर किती बाहेर आणि कशामुळे, ते बघायचं. बावीस हा पट्ट्याच्या वरच्या टोकाहून चार हजारांनी वर आहे, आणि ते चार हजार जवळजवळ पाखाडीचे आणि वाहतुकीचेच आहेत.

मोबाईलवरच्या जाहिरातींतले भाव या हिशोबाला ताडून बघायला ठीक आहेत, पण तो मागणीचा भाव असतो, विक्रीचा नसतो. तीन महिने तशीच पडून असलेली ३० हजारांची जाहिरात एवढंच सांगते की ३० ला ते गेलं नाही.

विक्रेत्याची बाजूही मोजून ठेवा. तुम्ही घेतलं नाही तर त्याच्यापुढे काय उरतं? दुसरं गिऱ्हाईक, किंवा जुनं लाकूड घेणारा. मोडून विकायचं म्हटलं तर साडेपाचातलं चारच घनफूट कामाला येईल. अर्ध्या भावाने त्याचे ८,००० होतात आणि मोडण्याची मजुरी त्यातूनच जाते. तेव्हा तुमचा १२ हजारांचा पहिला भाव अपमानाचा नव्हता. उलट भाव ऐकून ओशाळायचं आणि भराभर वर चढायचं कारण नाही.

उत्तर काय द्यायचं

बारा आणि बावीस म्हटल्यावर कुणीतरी “मध्ये गाठा, सतरा” म्हणणारच. इथे सतरा पट्ट्यात बसतो, तो योगायोग. मालकाने आधी ४० सांगून मग ३० वर येणं पसंत केलं असतं, तर मध्य २१ निघाला असता, कपाट मात्र तेच. मध्य हा फक्त कोणी किती ताणून सुरुवात केली ते दाखवतो. तो पट्ट्यात पडला तर घ्या, पण त्याला न्याय समजू नका.

त्यापेक्षा बावीसला दोन आकड्यांनी उत्तर द्या: “काका, कपाट चांगलं आहे. तळाची फळी आणि एक पाय बदलायला लागेल, ते तुम्हीपण बघा. जागेवरून नेलं तर सोळा देतो. वर गाडीरस्त्यावर आणून दिलंत तर अठरा.” काका फोनवर नुसता ‘सोळा’ सांगणार नाहीत, निवड सांगतील. शिवाय तुम्हाला चार हमाल रत्नागिरीहून आणायचे किंवा अनोळखी वाडीत शोधायचे, काकांना मात्र वाडीतलीच माणसं मिळतात. तुमच्यासाठी २,४०० चं असलेलं काम त्यांना कदाचित निम्म्यात पडेल. ते काम त्यांच्याकडे गेलं की तुमचा पट्टा २,४०० नी वर सरकतो: १६,४०० ते २०,४००. न बोलणाऱ्या विक्रेत्याशी पैसे सोडून दुसरं काहीतरी मध्ये ठेवलं तर तो निवडीतून बोलतो. रस्त्यावर आणायला तयार झाला तर त्याला मोठा आकडा ऐकायचा आहे. “जागेवरूनच न्या, पण उद्याच” म्हणाला तर त्याला घर रिकामं करायची घाई आहे. चाकरमानी मे महिन्यात किंवा गणपतीला ठरावीक दिवसांसाठी येतात आणि परतीच्या रिझर्वेशनच्या दोन दिवस आधी भाव बऱ्याचदा सैल होतो. “का” विचारण्यापेक्षा “घर कधीपर्यंत मोकळं करायचंय?” हे विचारा, याचं उत्तर लोक देतात.

पुढचे आकडे कसे उतरतात तेही ऐका. २८ चे २२ झाले, ही उडी सहा हजारांची. पुढे २० आले तर उडी दोनची, मग साडेएकोणीस आले तर अर्ध्याची. उड्या अशा लहान होत गेल्या की तळ जवळ आला असं समजायला हरकत नाही. पण ही खूण पक्की नाही. मुरलेला विक्रेता मुद्दाम लहान उड्या मारतो. आणि काकांना अधिकारच नसेल तर तुमच्यासमोर येणारा प्रत्येक आकडा मालकाचा नसतो, काही काकांचे स्वतःचे असतात. दोन फेऱ्यांनंतर “मालकांशी मीच बोलू का?” असं आदबीने विचारावं. नंबर मिळाला नाही तर मिळाला नाही.

समजा उत्तर आलं, “वर आणून देतो, वीस.” वीस हजार नव्या पट्ट्यात आहे, पण वरच्या टोकाला. आता वखारीत केलेला फोन कामी येतो. तिथे दर ४,५०० सांगितला असेल तर वीस रास्त आहे, आणखी ओढू नका. दर ४,००० असेल तर मध्यावरच्या १८,४०० पेक्षा १,६०० जास्त जातात. असंच दुसरं कपाट शोधायला मोडणारे दोन रविवार आणि गाडीचं पेट्रोल तेवढ्यात बसतं का, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. दर ३,५०० असेल तर १६,४०० च्या मालाला वीस जातात. तिथे “अठराच्या वर जमणार नाही काका, मनात आलं तर कळवा” म्हणून नंबर ठेवून पाखाडी चढायची.

सौदा ठरला तर विसार हजार-दोन हजारांच्या वर देऊ नका आणि काय ठरलं ते मालकाच्या नंबरावर मेसेजमध्ये लिहून पाठवा: कोणतं कपाट, किती रुपये, रस्त्यावर कोण आणणार, कोणत्या दिवशी. बाकी रक्कम कपाट गाडीत चढल्यावर द्यायची. पाखाडीच्या पायरीवर एक पाय मोडला तर तो कोणाचा, हेही त्याच मेसेजात लिहून टाका. दारं आणि कप्पे काढून नेलं तर धड निम्म्याने हलकं होतं, आणि पाय मोडायचा प्रसंग बहुधा येत नाही.